वीस हजारांत तीन घड्याळं: पैसे कसे वाटावेत

पहिल्यांदा घड्याळं जमवायला निघालेले बहुतेक ग्राहक आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात: ऑफिसला एक, पोहायला-ट्रेकला एक आणि लग्नकार्याला एक अशी तीन हवीत, पण खिशात वीस हजारच आहेत. तीन समान वाटे करून साडेसहा-साडेसहा हजारांची तीन घ्यावीत, असं आधी मनात येतं. तसं करू नका. तिन्ही घड्याळांचं काम वेगळं असतं, आणि काम वेगळं म्हणून खर्चही वेगळा.

निम्म्याहून थोडे जास्त पैसे रोजच्या घड्याळाला द्या. ते वर्षातले तीनशे दिवस तुमच्या हातात असणार आहे. आणि ऑटोमॅटिकची हौस असेल (बहुतेकांना असतेच), तर ती याच घड्याळावर भागवा, बाकी दोन सेलवर चालणारी घ्या. कारण सांगतो. ऑटोमॅटिक घड्याळ हाताच्या हालचालीवर चावी भरून घेतं. या किमतीत बऱ्याच घड्याळांत सैको गटाचं एनएच३५ मशीन असतं. पूर्ण चावी भरल्यावर ते साधारण ४१ तास चालतं. म्हणजे शुक्रवारी रात्री आठला काढून ठेवलं, तर रविवारी दुपारी एकच्या सुमारास थांबणार. रोज घालायचं असेल तर सोमवारी सकाळी एकदा वेळ लावली की झालं. पण तिन्ही घड्याळं ऑटोमॅटिक असली, तर लग्नाला निघताना रिक्षा दाराशी उभी आणि तुम्ही वेळ, तारीख, वार जुळवत बसलेले, असं दर वेळी होणार.

थांबलेलं ऑटोमॅटिक चालू करताना एक पथ्य पाळा. काटे रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान असताना चावीने तारीख फिरवू नका. त्या वेळात आतली चाकं तारीख पुढे ढकलण्याच्या तयारीत असतात आणि दात तुटू शकतात. आधी काटे सहावर आणा, मग तारीख लावा, शेवटी वेळ.

दुसरी गोष्ट वेळेच्या अचूकतेची. एनएच३५ साठी कंपनीच दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद इतकी सूट धरते. आठवड्यात चार-साडेचार मिनिटं पुढे गेलं तर ते बिघडलेलं नाही. दोनशे रुपयांचं सेलचं घड्याळसुद्धा याहून अचूक असतं, हे आम्ही विकताना सांगतोच. मात्र काल बरोबर चालणारं घड्याळ आज अचानक दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे पळायला लागलं, तर बहुधा त्यात चुंबकत्व शिरलेलं असतं. मोबाईलच्या मॅग्नेटवाल्या कव्हराशेजारी किंवा स्पीकरवर ठेवल्याने असं होतं. साधं होकायंत्र घड्याळाजवळ न्या. सुई ठळकपणे हलली तर शंका खरी. यंत्रावर धरून चुंबकत्व काढायला मिनिटही लागत नाही. त्यासाठी कोणी सर्व्हिसिंगचं बिल लावत असेल तर दोनदा विचार करा.

आता एक हिशोब करून पाहू. समजा हिंजवडीत नोकरी आहे, आठवड्यात दोनदा पोहणं, पावसाळ्यात गडावर जाणं, आणि मनगटाचा घेर साडेसोळा सेंटीमीटर. रोजच्या ऑटोमॅटिकला साडेदहा हजार. पोहण्या-ट्रेकच्या घड्याळाला चार हजार. समारंभाच्या घड्याळाला साडेतीन हजार. उरलेले दोन हजार बाजूला ठेवायचे, ते पट्ट्यांसाठी आणि सेलसाठी. हे दोन हजार वाचवून वरच्या मॉडेलवर घालवायचा मोह टाळा. एकाच ऑटोमॅटिकला स्टीलचा पट्टा आणि एक कापडी पट्टा असला की ऑफिस आणि रविवार दोन्ही निभतात. तेवढ्यासाठी चौथं घड्याळ लागत नाही.

पोहण्याचं घड्याळ घेताना मागचं झाकण वाचा. नुसतं ‘वॉटर रेझिस्ट’ किंवा ‘३० मीटर’ लिहिलेलं असेल, तर ते हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरतं आहे. मीटरचा आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा असतो. पाण्यात हात मारताना दाब वेगळा पडतो. पोहायला १०० मीटर किंवा १० बार हवंच. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे १९८९ पासून चालत आलेलं लाडकं घड्याळ आहे, पण त्यावर फक्त ‘वॉटर रेझिस्ट’ आहे, तलावात नको. त्याच कंपनीचं एई-१२००डब्ल्यूएच १०० मीटरचं आहे आणि सेल दहा वर्षांचा सांगतात. चार हजारांच्या वाट्यात हे घड्याळ बसतं. पाण्याखाली बटणं मात्र दाबू नका.

काचेच्या आत धुकं दिसलं आणि अर्ध्या तासात आपोआप गेलं, तर ‘गेलं एकदाचं’ म्हणून सोडून देऊ नका. पाणी बाहेर गेलेलं नसतं, आत मशीनवर पसरलेलं असतं. चावीच्या दांड्याला गंज तिथूनच सुरू होतो. तसं घड्याळ त्याच दिवशी आणून द्या. उघडून सुकवणं स्वस्त पडतं, महिन्याने मशीन बदलणं महाग. गरम पाण्याची अंघोळ आणि वाफ रबरी सील लवकर खराब करते, मग घड्याळ कितीही मीटरचं असो.

समारंभाचं घड्याळ वर्षातून आठ-दहा वेळा निघणार. म्हणून तिथे मशीनवर नाही, जाडीवर पैसे घाला. शर्टाच्या बाहीखाली सहज सरकलं पाहिजे: सेलचं मशीन, ३६ ते ३८ मिलिमीटर व्यास, साधी डायल, तारीख नसली तर उत्तम. टायटनने २००२ मध्ये एज काढलं तेव्हा ते अवघं साडेतीन मिलिमीटर जाड होतं. ते या बजेटात नाही, पण सात-आठ मिलिमीटरपर्यंतचं चालतं. चामड्याचा पट्टा पावसाळ्यात कपाटातल्या डबीत बंद करू नका, बुरशी धरतो. कोकणातल्या ग्राहकांना हे सांगायला नको.

याच वाट्यात जुनं एचएमटी घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. घ्या, पण ऑनलाइन हजार-दीड हजारात दिसणारी चकचकीत रंगीत डायलची ‘जनता’ आणि ‘पायलट’ बहुतेक नव्याने रंगवलेली असतात. भिंगातून पाहा: अक्षरांच्या कडा फाटलेल्या, मिनिटांच्या रेघांवर रंग चढलेला, काट्यांचं आणि डायलचं वय जुळत नाही. एचएमटीचा घड्याळांचा कारभार २०१६ मध्ये गुंडाळला गेला, त्यामुळे ‘नवंकोरं’ म्हटलं की बिल मागा.

मापाबाबत डायलच्या व्यासापेक्षा वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी महत्त्वाची. मनगटाच्या सपाट भागाची रुंदी पट्टीने मोजा. साडेसोळा घेराच्या मनगटावर ती बहुधा पन्नास मिलिमीटरच्या आसपास येते. घड्याळाची टोकं त्याबाहेर गेली तर ते हातावर हलत राहणार.

खरेदीचा क्रम: आधी रोजचं, मग पावसाळ्याआधी पोहण्याचं, आणि समारंभाचं लग्नसराई जवळ आली की. मध्ये तीन-चार महिने जाऊ द्या. रोजचं घालून तुम्हाला काय आवडतं ते कळतं, आणि पुष्कळदा पुढच्या दोघांची यादी बदलते. ऑटोमॅटिकची वॉरंटी संपल्यावर पूर्ण सर्व्हिसिंगपेक्षा एनएच३५ अख्खं बदलणं कधी कधी स्वस्त पडतं. दोन्हीचे दर आम्ही आधी लेखी देतो, मग ठरवा.