इंजिनिअरचा प्रॉडक्ट मॅनेजमेंटकडे वळतानाचा प्रोफाइल सारांश

लिंक्डइनसारख्या व्यावसायिक संकेतस्थळावर स्वतःच्या नावाखाली, अनुभवाच्या यादीच्या वर लिहायचा प्रथमपुरुषी मजकूर म्हणजे प्रोफाइल सारांश. २००३ मध्ये सुरू झालेल्या लिंक्डइनवर या विभागाचे नाव पूर्वी ‘समरी’ होते, आता ते ‘अबाउट’ आहे. त्यात २,६०० अक्षरचिन्हांपर्यंत लिहिता येते, पण पान उघडल्यावर सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात. बाकीचे वाचायला ‘सी मोअर’ दाबावे लागते. त्याच कामात राहून पुढची नोकरी शोधणाऱ्याला हा मजकूर नसला तरी फारसे बिघडत नाही, कारण त्याची पदे आणि कंपन्या पुरेसे सांगतात. कोड लिहिणे सोडून प्रॉडक्ट मॅनेजर होऊ पाहणाऱ्या इंजिनिअरचे तसे नसते. त्याची पदनामे एका दिशेला बोट दाखवतात आणि त्याला जायचे असते दुसरीकडे. ही विसंगती उलगडून सांगायला प्रोफाइलवर सारांशाइतकी सोयीची जागा नाही.

सारांश कोण वाचतो

सारांशात ‘प्रॉडक्ट मॅनेजमेंट’, ‘रोडमॅप’, ‘स्टेकहोल्डर’ हे शब्द पेरले की रिक्रूटरच्या शोधात आपण वर येऊ, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात रिक्रूटर शोध घेतात तो बहुतेकदा सध्याच्या पदनामाची चाळणी लावून. तिथे ‘सीनिअर सॉफ्टवेअर इंजिनिअर’ असेल, तर सारांशात काहीही लिहिले तरी नाव त्या यादीत येत नाही. मग काही जण पदनामच बदलून टाकतात. भारतात हा प्रकार अंगाशी येऊ शकतो, कारण बऱ्याच कंपन्या नोकरी देताना बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करतात आणि रिलीव्हिंग लेटरवरचे पद उमेदवाराने सांगितलेल्या पदाशी ताडून पाहतात.

म्हणजे सारांशाचा खरा वाचक दुसऱ्याच वाटेने आलेला असतो. कोणी ओळखीच्याने नाव सुचवलेले असते, अर्ज आल्यावर हायरिंग मॅनेजरने प्रोफाइल उघडलेले असते, किंवा आपल्याच कंपनीतल्या प्रॉडक्ट विभागाच्या प्रमुखाला ‘आपल्याकडचा अमुक इंजिनिअर इकडे यायचे म्हणतोय’ असे कळलेले असते. या तिघांच्या मनात एकच शंका असते: हा माणूस सांगितलेले बांधून देतो, की काय बांधायचे हेही ठरवू शकतो?

या शंकेचे मूळ त्या कामाच्या इतिहासातच आहे. प्रॉडक्ट मॅनेजमेंटची सुरुवात सांगताना सहसा प्रॉक्टर अँड गॅम्बलमधल्या नील मॅकेलरॉय यांच्या १९३१ च्या टिपणाचा दाखला देतात. कॅमे साबणाच्या जाहिरातीचे काम पाहणाऱ्या मॅकेलरॉय यांनी त्यात प्रत्येक ब्रँडसाठी स्वतंत्र माणसे मागितली होती. या माणसांनी कुठे खप वाढतो, कुठे घटतो याचा अभ्यास करायचा, कारण शोधायचे, उपाय ठरवायचा आणि निकालाची जबाबदारी घ्यायची. साबण बनवण्याचे काम कारखान्यातले लोक करणारच होते. सॉफ्टवेअरमध्ये हे काम तंत्राच्या बरेच जवळ आले आणि गूगलने २००२ मध्ये नव्या पदवीधरांसाठी असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजरची योजना सुरू केली. निर्णय आणि निकाल यांची जबाबदारी हा कामाचा गाभा मात्र तोच राहिला.

एक उदाहरण

पुण्यातल्या एका ऑनलाइन पेमेंट कंपनीत सहा वर्षे बॅकएंडचे काम केलेली एक इंजिनिअर कल्पनेने समोर आणू. असे सारांश बहुधा इंग्रजीत लिहिले जातात, इथे मजकूर मराठीत दिला आहे. तिचा पहिला खर्डा असा:

> सहा वर्षांचा अनुभव असलेली बॅकएंड इंजिनिअर. जावा, स्प्रिंग बूट, काफ्का, पोस्टग्रेस यांवर प्रभुत्व. मोठ्या प्रमाणावर चालणाऱ्या मायक्रोसर्व्हिसेस उभारल्या. ग्राहककेंद्री विचारसरणी. उत्पादनांची मनापासून आवड. प्रॉडक्ट मॅनेजमेंटमध्ये संधीच्या शोधात.

यात खोटे काहीच नाही, पण वरच्या शंकेला उत्तरही नाही. ‘सी मोअर’च्या आधी दिसणाऱ्या ओळी जावा आणि काफ्कात गेल्या. या गोष्टी स्किल्सच्या विभागात आणि अनुभवाच्या नोंदीत आधीच असतात. ‘आवड’ कोणालाही लिहिता येते. आणि शेवटच्या वाक्यातली विनंती वाचणाऱ्याला एवढेच सांगते, की हे काम हिने अजून केलेले नाही.

खर्डा सुधारण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: सहा वर्षांत काय बांधायचे हे तू कधी बदललेस का? बहुतेक इंजिनिअर आधी ‘नाही’ म्हणतात आणि थोडे खोदले की दोन-तीन प्रसंग निघतात. हिच्या बाबतीत प्रसंग रिफंडचा होता. पैसे परत येण्याबद्दलच्या तक्रारी वाढल्या म्हणून सपोर्ट टीमने रिफंडची स्थिती दाखवणारा डॅशबोर्ड मागितला आणि अंदाजे सहा आठवड्यांचे काम तिच्याकडे आले. सुरुवात करण्यापूर्वी तिने दोन आठवड्यांची तिकिटे वाचून काढली. निम्म्याहून अधिक ग्राहकांचे पैसे बँकेकडे रवाना झालेले होते. त्यांना गेलेल्या एसएमएसमध्ये ‘रिफंड प्रोसेस झाला आहे’ एवढेच लिहिलेले असे, खात्यात कधी जमा होईल हे नसे. ग्राहक संध्याकाळी खाते बघायचा आणि फोन करायचा. तिने डॅशबोर्ड लांबणीवर टाकून आधी एसएमएसमध्ये अपेक्षित तारीख आणि बँकेचा संदर्भ क्रमांक घालावा असे सुचवले, सपोर्टच्या प्रमुखांना तिकिटे दाखवून पटवले, आणि काम आठ दिवसांत संपले. शंभर रिफंडमागे १४ तक्रारी येत होत्या, त्या ८ वर आल्या. डॅशबोर्ड नंतर बराच छोटा करून बांधला.

यावरून लिहिलेला दुसरा खर्डा:

> पैसे कुठे अडकले हे ग्राहकाला विचारावे लागू नये, या प्रश्नावर मी गेली तीन वर्षे काम करते आहे. आधी पेमेंट्सची बॅकएंड इंजिनिअर म्हणून, आणि आता काय बांधायचे हे ठरवण्याच्या कामाकडे वळताना.
>
> रिफंडच्या तक्रारींवर उपाय म्हणून आमच्याकडे डॅशबोर्ड मागितला गेला होता. मी दोन आठवड्यांची तिकिटे वाचली तेव्हा अडचण आमच्या संदेशात आहे असे दिसले. डॅशबोर्ड पुढे ढकलून संदेशात तारीख आणि संदर्भ क्रमांक द्यावा हा प्रस्ताव माझा होता. मजकूर सपोर्ट टीमसोबत ठरवला. रिफंडच्या प्रमाणात येणाऱ्या तक्रारी सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाल्या.
>
> पेमेंट्स, सेटलमेंट किंवा डेव्हलपरसाठीच्या एपीआय उत्पादनांवर प्रॉडक्ट मॅनेजरचे काम शोधते आहे. या प्रणाली मी आतून बांधल्या आहेत, त्यामुळे कोणता बदल दोन दिवसांचा आणि कोणता दोन महिन्यांचा हे मला लवकर कळते.

पहिल्या परिच्छेदात तिने तंत्राऐवजी एक प्रश्न आपला म्हणून सांगितला. इंजिनिअर असल्याचे लपवले नाही, पण ते दुसऱ्या वाक्यात गेले. दुसऱ्या परिच्छेदात मागणी, तपास, नकार आणि निकाल या क्रमाने एकच प्रसंग आहे. त्यातला नकार सर्वांत मोलाचा, कारण काय करायचे नाही हे ठरवणे आणि ते मागणाऱ्याला पटवणे यात प्रॉडक्ट मॅनेजरचा बराच दिवस जातो. तिसऱ्या परिच्छेदात तिने क्षेत्र आखून घेतले. ‘कोणत्याही क्षेत्रात चालेल’ हे वाक्य उदार वाटते, पण पहिल्या बदलात ते तोट्याचे ठरते. पद नवे आणि क्षेत्रही नवे अशी दुहेरी जोखीम घ्यायला कंपन्या नाखूश असतात. क्षेत्र ओळखीचे ठेवले तर जोखीम एकच उरते. एपीआय आणि प्लॅटफॉर्मच्या उत्पादनांचे ग्राहकच इंजिनिअर असतात, म्हणून तिथले दार तुलनेने लवकर उघडते.

आकडा आणि श्रेय

सारांशातला आकडा मुलाखतीत सर्वांत आधी तपासला जातो. समजा तिने ‘आठवड्याच्या तक्रारी ९०० वरून ५२० वर आणल्या’ असे लिहिले असते. मुलाखत घेणारा विचारेल: मधे दिवाळी होती का? सणाच्या सेलनंतर परत केलेल्या वस्तू आणि रिफंड दोन्ही वाढतात आणि मग ओसरतात, म्हणजे तक्रारी तिने काहीही केले नसते तरी उतरल्या असत्या. म्हणून रिफंडच्या प्रमाणातला आकडा अधिक टिकतो. तोही पुरावा पूर्ण नव्हे. त्याच महिन्यात एखाद्या बँकेने पैसे लवकर जमा करायला सुरुवात केली असेल तर? जुना आणि नवा संदेश काही दिवस वेगवेगळ्या ग्राहकांना पाठवून तुलना केली असती तर उत्तर पक्के मिळाले असते. तशी केलेली नसेल तर मुलाखतीत ते आपणहून सांगावे. अशा कबुलीने बहुधा गुण कमी होत नाहीत.

दुसरी अडचण गोपनीयतेची. रिफंडची एकूण संख्या किंवा बिघाडाचे प्रमाण ही कंपनीची अंतर्गत माहिती असते आणि प्रोफाइल प्रतिस्पर्धीही वाचतात. वरच्या खर्ड्यात १४ आणि ८ न लिहिता घट टक्क्यांत दिली, ती याचसाठी. मात्र पाया न सांगता दिलेली टक्केवारी अनुभवी वाचकाला खटकते. ‘रिफंडच्या प्रमाणात’ हे दोन शब्द त्यासाठीच आहेत.

श्रेयाचा प्रश्न जरा नाजूक आहे. इंजिनिअरला ‘आम्ही केले’ म्हणायची सवय असते आणि त्यातून वाचणाऱ्याला त्याचा वाटा कळत नाही. उलट सगळेच ‘मी’ केले तर त्या टीममधला प्रॉडक्ट मॅनेजर तो मजकूर वाचणारच, कारण तोही त्याच संकेतस्थळावर असतो, आणि बऱ्याचदा चौकशीचा फोन त्यालाच जातो. प्रस्ताव कोणाचा, मजकूर कोणासोबत, असा हिशेब दोन वाक्यांत मांडला की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

दिशा जाहीर करताना

सध्याच्या कंपनीत बदलाची बोलणी सुरू नसतील तर ‘शोधते आहे’ हे वाक्य मॅनेजरच्या नजरेला पडू शकते. ‘ओपन टू वर्क’ची खूण फक्त रिक्रूटरना दिसेल अशी ठेवता येते आणि आपल्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ती लपवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करते, पण पूर्ण हमी देत नाही. सारांशाला तर तेवढाही आडोसा नसतो. अशा वेळी खर्ड्याच्या तिसऱ्या परिच्छेदातले पहिले वाक्य गाळतात. बाकीचा मजकूर त्याविनाही दिशा दाखवतो.

हेडलाइनमध्ये ‘अ‍ॅस्पायरिंग प्रॉडक्ट मॅनेजर’ लिहिण्याची पद्धत रूढ आहे. ती टाळलेली बरी. त्यापेक्षा ‘पेमेंट्स इंजिनिअर, रिफंड आणि सेटलमेंटच्या उत्पादनांवर काम’ ही ओळ खरी असते आणि २२० अक्षरचिन्हांच्या मर्यादेत सहज बसते.

बदल लागू पडला का हे येणाऱ्या संदेशांवरून ओळखू येते. सारांश बदलल्यावरही फक्त बॅकएंडच्या नोकऱ्यांचे निरोप येत राहिले, तर त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये, कारण ते पदनामाच्या चाळणीतून येतात. पाहायचे ते ज्यांनी प्रोफाइल खरोखर उघडले त्यांच्याशी झालेले बोलणे. त्यांनी पहिला प्रश्न रिफंडबद्दल विचारला, तर सारांश वाचला गेला आणि पोचला. त्यांनी ‘तुम्हाला प्रॉडक्टमध्ये का यायचे आहे?’ एवढ्यावरच सुरुवात केली, तर बहुधा प्रसंग दुमडलेल्या भागात राहिला आहे आणि तो वरच्या दोन-तीन ओळींत आणायला हवा.