आहेराची वही आणि ‘आहेर आणू नये’ : मराठवाड्यातल्या लग्नखर्चाची पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या लग्नपत्रिकांच्या तळाशी आता एक ओळ चांगलीच रुळली आहे : ‘आपली उपस्थिती हाच आहेर’. कुठे ती ‘कृपया आहेर आणू नये’ अशी सरळ असते. लग्नातल्या दिखाऊ खर्चावर लिहिताना आपण बहुधा मंगल कार्यालय, डीजे, फटाके आणि ताटातल्या पदार्थांपासून सुरुवात करतो. मला वाटतं, सुरुवात या ओळीपासून करावी. वाचायला ती साधेपणाची वाटते, पण तिच्यामुळे लग्नाचा सगळा हिशेब बदलतो. पूर्वी ज्या खर्चात भावकी आणि गाव थोडाथोडा हातभार लावत, तो खर्च आता एकट्या घरावर येतो. हे कसं घडलं हे समजण्यासाठी थोडं मागं जावं लागतं.

निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्यात मान पैशानं मिळत नसे, तो वतनातून यायचा. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी या घरांचा क्रम ठरलेला होता. पोळ्याला कुणाचा बैल पुढे आणि सभेत पहिला विडा कुणाला, हे सगळ्या गावाला ठाऊक असायचं. लग्नातला मानपान हा याच क्रमाचा विस्तार होता. कुणाला पूर्ण पोशाख, कुणाला नुसता टॉवेल-टोपी, कुणाच्या घरच्या बाईला साडी आणि कुणाच्या घरी फक्त खण-नारळ, हे आधीच ठरलेलं असे. देशमुखाच्या वाड्यावर गावजेवण व्हायचं, कारण ते घर मोठं होतं. गावजेवण घातल्यानं ते मोठं होत नसे. खर्च मानाच्या मागून चालायचा.

या क्रमाला खालचं टोकही होतं. दलित नवरदेवानं घोड्यावर बसून गावातून वरात काढायची नाही, हा अलिखित नियम अनेक गावांत होता आणि तो मोडला तर मारहाण व्हायची. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेननं १८९९ साली दिखाऊ उपभोगाची, म्हणजे आपली पत दाखवण्यासाठी केलेल्या खर्चाची, कल्पना मांडली ती रिकामटेकड्या श्रीमंत वर्गाकडे पाहून. आपल्याकडे ती जशीच्या तशी लावली तर ही वरात निसटते. ज्याला पिढ्यानपिढ्या मिरवण्याची मनाईच होती, त्याचं मिरवणं श्रीमंती दाखवण्यासाठी नसतं. तो रस्ता आपलाही आहे, हे तो सांगत असतो. एकाच डीजेचा आवाज दोन वस्त्यांत दोन वेगळ्या गोष्टी बोलत असू शकतो, आणि लग्नखर्चावर लिहिताना हा फरक ठेवलाच पाहिजे.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १९५० मध्ये कूळ कायदा आला आणि गावाच्या जुन्या क्रमाखालची जमीन सरकू लागली. मान संपला नाही, पण त्याचा आधार बदलला. शिक्षकाची नोकरी, साखर कारखान्याचं संचालकपद, बाजार समिती, ठेकेदारी, यांतून नवी घरं पुढे आली. त्यांच्याकडे पैसा होता, पण मानाचा शिक्का नव्हता. तो शिक्का चारचौघांत उमटवायची सगळ्यात मोठी जागा म्हणजे लग्न. आता मान खर्चाच्या मागून येऊ लागला.

हे दाखवणं नेमकं कुणासाठी असतं? गावातल्या लोकांना तर प्रत्येकाच्या सातबाऱ्यावर किती एकर आणि किती कर्ज हे माहीत असतं. खरा प्रेक्षक बाहेरगावचा असतो, म्हणजे सोयरे आणि त्यांचे सोयरे. फ्रान्सिस ब्लोक, विजयेंद्र राव आणि सोनालदे देसाई या संशोधकांनी २००४ साली कर्नाटकातल्या ग्रामीण कुंभार कुटुंबांवर लिहिताना असंच काही दाखवलं होतं. मुलगी गावाबाहेरच्या, चांगल्या समजल्या जाणाऱ्या घरी दिली की समारंभावरचा खर्च वाढतो, कारण आपण कुठे सोयरीक केली हे आपल्या लोकांना कळवायचं असतं. त्यांनी हुंडा आणि समारंभाचा खर्च वेगळे धरले, ही आपल्यासाठी फार उपयोगाची गोष्ट आहे. मराठवाड्यात बोलताना दोन्ही ‘लग्नाचा खर्च’ या एकाच शब्दात जातात. पण हुंडा बंद दाराआड ठरतो, तर मांडव सगळ्यांसमोर उभा राहतो.

आता आहेराच्या वहीकडे येऊ. मांडवाच्या दाराशी किंवा स्टेजजवळ सतरंजीवर एक जण लांबट वही घेऊन बसायचा. हा बहुधा घरातला अक्षर चांगलं असलेला जावई किंवा शाळेत जाणारा पुतण्या. पहिल्या पानावर ‘श्री गणेश प्रसन्न’, मग गाव, नाव आणि रक्कम. रक्कम अकरा, एकवीस, एक्कावन्न, एकशे एक अशी. वरचा एक रुपया शुभ म्हणून असतो, पण मला त्यात आणखी एक अर्थ दिसतो : आकडा पूर्ण होत नाही, म्हणजे व्यवहारही मिटत नाही. पुष्कळ ठिकाणी हे नुसतं लिहिलं जात नसे, भोंग्यावरून पुकारलंही जायचं. ‘अमुक गावचे तमुक पाटील यांच्याकडून एकशे एक रुपये’ असं सगळ्या मांडवाला ऐकू जायचं. स्टीलची भांडी स्वस्त झाली तेव्हा हेच काम भांड्यावर होऊ लागलं. दुकानातच यंत्रानं ‘सप्रेम भेट’, देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरून मिळायची. वही कपाटात राहते, पण कोरलेला डबा फडताळावर तीस वर्षं बसून नाव सांगत राहतो.

या वहीचं पुढचं काम लग्नानंतर सुरू व्हायचं. कुणाची पत्रिका आली की आधी वही उघडायची, त्यांनी आपल्याकडे किती केलं ते पाहायचं आणि त्यात थोडी भर घालून परत करायचं. कमी केलं तर नातं खालावल्याची खूण, अगदी तेवढंच केलं तर हिशेब मिटवल्यासारखं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉसनं १९२५ साली भेटवस्तूंबद्दल लिहिताना देणं, स्वीकारणं आणि परत करणं ही तीन बंधनं सांगितली. त्यातलं तिसरं आपल्याकडे शाईनं लिहून ठेवलेलं होतं.

आकड्यांत काय होतं ते दिसावं म्हणून एक कल्पित घर घेऊ. ही पाहणीतली आकडेवारी नाही, फक्त रीत कळण्यासाठी केलेली मांडणी आहे. दहा एकर कोरडवाहू जमिनीचा एक शेतकरी १९८८ साली मुलीचं लग्न दारात करतो. आठशे लोक जेवतात. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी, आणि माणशी पाच रुपये धरले तर पंगतीचे चार हजार होतात. वहीत तीनशे घरांची नोंद होते, सरासरी अकरा रुपये धरले तर तीन हजार तीनशे. पंगतीचा बहुतेक खर्च निघून येतो. अर्थात हे पैसे फुकटचे नाहीत, पुढं वीस वर्षं परत करत जायचे आहेत. थोडक्यात ही बिनव्याजी भिशी आहे, जिचा नंबर आपल्या घरच्या लग्नाला लागतो.

२०१८ साली याच घरात मुलाचं लग्न मंगल कार्यालयात होतं. त्याआधीच्या वीस वर्षांत त्या शेतकऱ्यानं दरवर्षी पंधरा लग्नांत सरासरी एकशे एक रुपये आहेर केला आहे, म्हणजे एकूण तीस हजार तीनशे. आता पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ छापलं की हे सगळं येणं एका ओळीत सुटतं. पाहुणे वाढून दीड हजार झाले आणि ताट दीडशे रुपयांचं धरलं, तर जेवणाचेच सव्वादोन लाख होतात. त्यातला एकही रुपया परत येत नाही. शिवाय ज्यांच्या पत्रिकेवर ही ओळ नाही, त्यांच्याकडे आहेर करणं चालूच राहतं.

मग ही ओळ छापतो कोण? सुरुवात ज्यांना ते येणं सोडणं परवडत होतं त्यांनी केली. ‘आम्हाला कुणाच्या एक्कावन्न रुपयांची गरज नाही’ हे न बोलता सांगायचा याहून सभ्य मार्ग नव्हता. वहीत सगळे बांधलेले असतात, वहीच्या वर उठणं हा नवा मान झाला. नंतर ती ओळ खाली झिरपली. ज्या घराला पंगतीसाठी त्या पैशाची खरोखर गरज होती, त्यालाही ती छापावी लागली, कारण ती नसली की घर गरजू दिसू लागलं. माझ्या मते मराठवाड्यातल्या लग्नखर्चाच्या गेल्या काही दशकांच्या इतिहासातली ही सगळ्यात कमी लक्षात आलेली गोष्ट आहे. खर्च वाढला हे सगळे सांगतात, हातभार आटला हे सहसा कुणी मोजत नाही.

इथे एक जुना अहवाल आठवतो. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानं म्हटलं होतं की रयतेच्या कर्जबाजारीपणाचं कारण म्हणून लग्नखर्चाला अवाजवी महत्त्व दिलं गेलं आहे. असे प्रसंग क्वचितच येतात आणि वर्षांच्या हिशेबात तो खर्च फार नसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तो प्रदेश निजामाच्या हद्दीबाहेरचा, पण शेजारचा आणि तसाच कोरडवाहू. आज शेतकऱ्याच्या कर्जाला लग्न हे एकच कारण चिकटवताना हे वाक्य समोर ठेवावं. त्याचबरोबर हेही विचारावं की तेव्हाचा खर्च आटोक्यात राहण्यात आहेराचा वाटा किती होता.

आहेर ओसरला तरी मानपान उरला, आणि तो आता यजमानाकडून पाहुण्यांकडे वाहतो. बस्ता बांधताना दुकानात ‘देण्याघेण्याच्या साड्या’ हा वेगळाच गठ्ठा असतो. त्यातल्या बहुतेक नेसल्या जात नाहीत, पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या हातात जातात. टॉवेल-टोपीचंही तेच. वस्तूची उपयोगिता संपून फक्त मानाचं चलन उरल्याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. दुसरा बदल स्टेजवरचा. मुहूर्त टळून गेला तरी नेत्याची वाट पाहणं, आल्यावर फेटा बांधून सत्कार, मग आशीर्वादपर भाषण. भोंग्यावरून पूर्वी आहेर करणाऱ्या सोयऱ्याचं नाव यायचं, त्या जागी आता आलेल्या पुढाऱ्यांची यादी येते. यजमानाचा मान कुणी किती दिलं यावरून नाही, कोण आलं यावरून मोजला जातो.

संशोधकासाठी जुन्या वह्या मोठा ठेवा आहेत, पण त्यांची मर्यादा ओळखावी लागते. परत करायचं असतं तेवढंच वहीत येतं. मामानं केलेला आहेर, माहेरहून आलेलं सोनं आणि हुंडा त्यात सापडत नाहीत. नावं घरातल्या पुरुषांची असतात, आहेर बाईनं आपल्या पैशातून केला असला तरी. म्हणून वही वाचताना घरातल्या वयस्क बाईला शेजारी बसवावं. कोणत्या नावापुढचा आकडा भांडणानंतर कमी झाला आणि कोणता डबा कुणाकडून फिरून आला, हे तीच सांगते.

गंमत नव्हे, खंत वाटावी अशी एक गोष्ट कायद्यातही आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा. त्याखाली १९८५ साली नियम झाले की वधू आणि वर या दोघांना मिळालेल्या भेटींच्या लेखी याद्या ठेवाव्यात. वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. जवळजवळ आहेराच्या वहीसारखीच ही रचना आहे. मराठवाड्यात अकरा रुपयांची नोंद पिढ्यानपिढ्या जपली गेली, पण ही यादी बनवलेलं लग्न मी अजून पाहिलेलं नाही.