किडनी बदलायची फाइल: दाता कोण चालतो, कागद कोणते लागतात आणि आमचं गाडं कुठं अडलं

दारव्ह्याकडच्या एका लहान गावातून आम्ही ही फाइल केली म्हणून सविस्तर लिहितोय, कारण जिल्ह्याच्या डायलिसिस सेंटरला बसलेले लोक अजूनही विचारतात की काय काय लागतं. माझ्या धाकट्या बहिणीचं वय ३४, दोन लेकरं, दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्याला दोनदा डायलिसिस. घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की जवाई देतील, दोघांचाही ब्लड ग्रुप बी पॉझिटिव्ह, मग अडचण काय. अडचण नेमकी तिथंच आली.

आधी कोण देऊ शकतं ते बघा. कायद्यात जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडंसुद्धा. दाता १८ वर्षांवरचा पाहिजे. यातला कोणी देत असेल तर हॉस्पिटलचा सक्षम अधिकारीच मंजुरी देतो. काका, मावशी, चुलतभाऊ, मेव्हणा हे या यादीत नाहीत, त्यांचा अर्ज प्राधिकरण समितीपुढं जातो आणि तिथं विचारपूस लय कडक असते. पैशाचा व्यवहार निघाला तर ५ ते १० वर्षं शिक्षा आणि २० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड आहे, त्यामुळे "दाता जुळवून देतो" म्हणणाऱ्या माणसाला दारातच उभं करू नका.

आता जुळणीचं. पहिली पायरी ब्लड ग्रुप, रक्त देताना बघतो तसंच, ओ वाला सगळ्यांना देतो, एबी वाला सगळ्यांकडून घेतो, फक्त किडनीत पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा फरक धरत नाहीत. दुसरी एचएलए तपासणी, त्यात पेशींवरच्या सहा खुणांपैकी किती जुळतात ते पाहतात, आई आणि लेकरू म्हटलं की निदान अर्धे जुळतातच, नवरा-बायकोत एकही नाही जुळला तरी आताच्या औषधांवर ऑपरेशन होतं. पण तिसरी तपासणी क्रॉसमॅच, आणि गाडी थांबते ती इथंच. दात्याच्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या रक्ताच्या पाण्यात, म्हणजे सीरममध्ये टाकतात आणि पाहतात की पेशी मरतात का. आमच्या लॅबच्या रिपोर्टवर दहा टक्क्यांच्या आत निगेटिव्ह असं छापलेलं होतं. जवाईंचा आला चाळीस. म्हणजे बहिणीच्या रक्तात त्यांच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी आधीच तयार होत्या, अशी किडनी तशीच बसवली असती तर काही तासांतसुद्धा बंद पडू शकते.

आम्ही विचारलं की नवऱ्याचं असं काहून आलं. डॉक्टरांनी समजावलं ते कुणीच आधी सांगितलं नव्हतं. बाई गरोदर असते तेव्हा पोटातल्या बाळात अर्धा भाग बापाचा असतो, काही बायांचं शरीर त्या बापाच्या भागाविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, बाळाला काही होत नाही पण शरीर ते कित्येक वर्षं लक्षात ठेवतं. म्हणून दोन-तीन लेकरं झालेल्या बाईला नवऱ्याची किंवा पोटच्या मुलाची किडनी घ्यायची असेल तर ही तपासणी सगळ्यात आधी करून घ्यायची. नवऱ्याला बायकोची घ्यायची असेल तर हा बाळंतपणाचा भाग येत नाही. दुसरं कारण रक्त चढवणं. बहिणीचं हिमोग्लोबिन सहाच्या खाली गेलं होतं तेव्हा दोन बाटल्या चढवल्या होत्या, त्यानंसुद्धा अँटिबॉडी वाढतात. ज्यांना पुढं किडनी बदलायची आहे त्यांनी हिमोग्लोबिन कमी झालं की आधी एरिथ्रोपोएटिन इंजेक्शन आणि लोहाबद्दल डॉक्टरांना विचारावं, जीवावर बेतलं तर रक्त घ्यावंच लागतं, पण सवयीनं नको. आणि कधी, किती बाटल्या चढल्या हे तारखेसकट लिहून ठेवा.

मग पुढं तीन रस्ते होते. एक म्हणजे अदलाबदल, आपल्यासारखीच न जुळणारी दुसरी जोडी सापडली तर त्यांचा दाता आपल्याला आणि आपला त्यांना, पण दोन्ही दाते आपापल्या पेशंटचे जवळचे नातेवाईकच पाहिजेत. दुसरा म्हणजे मेंदूमृत दात्याची यादी. तिसरी आमची माय, वय ५६, ग्रुप ओ. ती आधीपासून म्हणत होती, "माह्या लेकीले मीच देतो, मले काहून कोणी इचारत नाही?" तिला शुगर नाही, बीपी थोडं वर यायचं म्हणून २४ तासांचं मशीन लावून मोजलं, घरचं बीपी बरोबर निघालं. मग लघवीतलं प्रोटीन, एचआयव्ही-कावीळ, छातीचा एक्स-रे, आपल्या विदर्भात सिकलसेल आहे म्हणून तीही तपासणी, डीटीपीए स्कॅनमध्ये कोणती किडनी किती काम करते ते, आणि सीटी अँजिओत रक्तवाहिन्या. दोन किडन्यांत फरक असेल तर चांगली दात्याकडंच ठेवतात, हे मायला सांगितल्यावर भावाची धाकधूक कमी झाली. तिचा क्रॉसमॅच निगेटिव्ह आला.

हे चालू असतानाच यादीत नाव टाकून ठेवलं होतं, आणि तसंच करावं. विदर्भासाठी नागपूरला झेडटीसीसी म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र आहे, पण आपण थेट तिथं अर्ज करायचा नसतो, मान्यता असलेल्या एका हॉस्पिटलमार्फत नाव जातं, एका वेळी एकाच हॉस्पिटलमधून. यादी ग्रुपप्रमाणं असते आणि गुणांमध्ये डायलिसिसचे महिने धरतात, म्हणून पहिल्या डायलिसिसच्या तारखेचा कागद फाइलमध्ये पाहिजेच, आमचा पहिल्या सेंटरवरून परत आणायला दोन चकरा झाल्या. थांबायला किती दिवस लागतील हे कोणी सांगू शकत नाही, ओ ग्रुपवाल्यांना बहुधा जास्त थांबावं लागतं कारण त्यांना फक्त ओचीच चालते. फोन रात्री-बेरात्री येतो, एका किडनीसाठी दोन-तीन पेशंटला बोलावतात आणि त्या वेळच्या क्रॉसमॅचवर ठरतं, म्हणजे नागपूरला जाऊन रिकाम्या हातानं परत यावं लागू शकतं. गावात रेंज नसेल तर दोन-तीन नंबर द्या, त्यातला एक तरी गावाबाहेर राहणाऱ्याचा.

आता कागद. पेशंट आणि दात्याचा एकत्र अर्ज म्हणजे फॉर्म ११. दाता नवरा-बायको असेल तर संमतीचा फॉर्म २, बाकी जवळच्या नात्याला फॉर्म १. दात्याच्या तब्येतीचा दाखला फॉर्म ४, रक्ताचं नातं असल्याचा फॉर्म ५, हे दोन डॉक्टर भरतात. सोबत दोघांचं आधार, मतदान कार्ड, रेशनकार्ड, टीसी किंवा जन्मदाखला, सगळ्या कुटुंबाचा एकत्र फोटो. नवरा-बायको असतील तर लग्नाचा दाखला, लग्नातला फोटो, लेकरांचे जन्मदाखले. खेड्यात लग्नाची नोंदणी किती जणांची असते, म्हणून ग्रामपंचायत सदस्य किंवा तहसीलदाराचं नात्याबद्दलचं पत्रही बघतात, पण आधी हॉस्पिटलच्या समन्वयकाला विचारून त्यांच्या नमुन्यातच घ्या. आमच्या बाबांचा मृत्यूदाखलाही मागितला होता.

आमची फाइल नावावर अडली. मायच्या आधारवर शांताबाई, बहिणीच्या टीसीवर आईचं नाव शांता, रेशनकार्डावर तिसरंच, आणि आधारवर जन्मतारीख एक जानेवारी टाकलेली जी टीसीला कुठंच लागत नव्हती. प्रतिज्ञापत्र केलं, ग्रामपंचायतीचं पत्र आणलं, एचएलएचा रिपोर्ट तर होताच ज्यात अर्धं जुळत होतं, तरी एक महिना गेला. तुम्ही तपासण्या सुरू व्हायच्या आधीच सगळे कागद टेबलावर मांडून नावाचं एक-एक अक्षर जुळवा आणि आधार दुरुस्ती आधी टाका. शेवटी मुलाखत होते. दाता बाई असेल तर तिची ओळख आणि तिची स्वतःची मर्जी आहे का हे पेशंट सोडून दुसऱ्या माणसाकडून पक्कं करायचं असा नियमच आहे, मायला एकटीला आत बसवून विचारलं आणि ते योग्यच आहे, आपण बाहेरून उत्तरं पढवू नये.

खर्चाचं थोडक्यात. महात्मा फुले योजनेत किडनी बदलण्याची मर्यादा प्रति रुग्ण साडेचार लाख आहे, योजनेत असलेल्याच हॉस्पिटलला, मंजुरी ऑपरेशनच्या आधी. नंतरच्या गोळ्या किती दिवसांच्या मिळतील हे आरोग्यमित्राला तेव्हाच विचारा, कारण त्या आयुष्यभर आहेत.

गोळ्या तीन, टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन. शरीरानं किडनी परकी म्हणून फेकू नये यासाठी त्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. बहिणीचे हात टॅक्रोलिमसनं थरथरायचे, चहाचा कप धरता येत नव्हता, डोस कमी झाल्यावर थांबलं. शुगर वाढली आणि इन्सुलिन लागलं, ती आधी शुगरची पेशंट नव्हती. मायकोफेनोलेटनं जुलाब होतात आणि पांढऱ्या पेशी उतरतात, आणि पोटातल्या बाळाला ते घातक आहे, म्हणून दिवस राहणार नाहीत याची सोय आधीच करायची. प्रेडनिसोलोननं चेहरा गोल होतो, बाया ते पाहून गोळी बंद करतात, तसं करू नका, रिजेक्शन सुरुवातीला काही दुखत नाही, फक्त क्रिएटिनिन वर जातं. लघवी कमी होणं, दोन दिवसांत दोन किलो वजन वाढणं, पोटाच्या खाली जिथं नवी किडनी बसवली तिथं दुखणं हे दिसलं तर त्याच दिवशी फोन.

इन्फेक्शनचा धोका पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त, कारण गोळ्यांचे डोस तेव्हा मोठे असतात. कावीळ बी आणि न्यूमोनियाच्या लसी ऑपरेशनच्या आधीच उरकायच्या, जिवंत जंतूंच्या लसी नंतर देता येत नाहीत. दात किडलेला असेल तर आधीच काढा. घरात कुणाला दोन आठवड्यांवर खोकला असेल तर टीबी तपासा. शेतकरी घरात आम्ही एवढं केलं की शेणाचं काम, बुरशी लागलेल्या कडब्याला हात लावणं, सोयाबीन-तुरीच्या मळणीची धूळ यातून तिला बाहेर ठेवलं, विहिरीचं पाणी उकळूनच.

एकदा ताप १०१ आला. गावातल्या मेडिकलवरून एक पुडी आणली होती, त्यात दुखण्याची डायक्लोफेनॅक आणि क्लॅरिथ्रोमायसिन निघालं. पहिली किडनीलाच इजा करते, दुसऱ्यानं टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी भडकते. नशिबानं खायच्या आधी समन्वयकाला फोन केला. तेव्हापासून थर्मामीटर घरात आहे, १००.४ च्या वर गेला की नागपूर, आणि कुठलीही नवी गोळी, जडीबुटीसुद्धा, विचारल्याशिवाय नाही.

लेव्हल तपासायच्या दिवशी लोक एक चूक करतात, सकाळची टॅक्रोलिमस घेऊन निघतात आणि रिपोर्ट उगाच जास्त येतो. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊला, म्हणजे बारा तासांनी, आधी रक्त द्यायचं आणि मग गोळी. बहीण पहाटेच्या एसटीनं निघते, गोळी पिशवीत बांधलेली असते, आणि रक्त दिल्यावर तिथल्याच बाकावर बसून घेते.