मातीच्या धरणाचा तपासणी अहवाल

मातीच्या धरणाची ठरावीक काळाने पाहणी करून पाझर, भरावाचे खचणे आणि पुढील निरीक्षणे यांची नोंद ठेवणारा तांत्रिक दस्तऐवज. धरण सुरक्षितता अधिनियम, 2021 नुसार त्या कायद्याखाली येणाऱ्या मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाहणी बंधनकारक आहे. सोलापूर परिसरात अशा भरावाचे जुने उदाहरण म्हणजे अदिला नदीवरील एकरूख (हिप्परगा) तलाव. त्याचे बांधकाम साधारणतः 1866 ते 1871 या काळातील मानले जाते.

पाझर : मातीच्या धरणातून थोडे पाणी झिरपतेच, झिरपणे हा दोष नव्हे. ते किती वाढते आणि सोबत माती आणते का, हे महत्त्वाचे. पायथ्याच्या चरात काटकोनी व्ही-खाच, म्हणजे V आकाराची खाच पाडलेला पत्रा, बसवून खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजतात. उंची 5 सेंमी असेल तर प्रवाह सेकंदाला सुमारे 0.8 लिटर, आणि 8 सेंमी असेल तर सुमारे 2.5 लिटर येतो. पट्टीवर जेमतेम तीन सेंमीचा फरक, पण पाणी तिपटीहून अधिक. म्हणून ‘थोडी वाढ’ असा शेरा पुरत नाही. समजा, गेल्या ऑक्टोबरात 5 सेंमी होते आणि यंदा 8. जलाशयाची पातळी दोन्ही वेळी सारखीच आणि आधीचे काही दिवस कोरडे असतील, तरच ही वाढ भरावातली म्हणता येते. मे महिन्यात रिकाम्या तलावाखाली कोरडा पायथा पाहून ‘पाझर नाही’ लिहिणे तर सर्वांत फसवे. पाणी काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवावे. तळाशी मातीचा थर बसला, तर आतील माती वाहून जात असल्याची शंका घ्यावी. अशा वेळी गढूळ प्रवाह कमी असला तरी स्वच्छ, मोठ्या प्रवाहापेक्षा अधिक धोक्याचा असतो.

खचणे व भेगा : येथे मतभेद आहेत. माथ्यावरची लांब भेग काही अभियंते खचण्याचे लक्षण मानतात, तर काही उन्हाळ्यात काळी माती आकसल्याचे. सोलापूरकडील कोरड्या हवेत दुसरे मत बहुतेक वेळा लागू पडते. मात्र पडताळा घ्यावाच. भेगेत चुना कालवलेले पांढरे पाणी ओतून शेजारी खड्डा घेतला, की पांढरी रेघ किती खोल गेली ते दिसते. भेगेच्या दोन्ही कडा एका पातळीत असतील आणि रेघ उथळच थांबली, तर ती आकसण्याची. एक कड खाली बसली असेल किंवा भेग धनुष्यासारखी उताराकडे वळली असेल, तर भराव घसरू लागल्याचा संशय घ्यावा. जुन्या धरणांत माथ्याची मूळ पातळी खात्रीने ठाऊक नसते. त्यामुळे ‘इतका खचला’ असे न लिहिता, पक्क्या खुणेपासून घेतलेली आजची पातळी नोंदवणे अधिक प्रामाणिक होय.

शिफारशी : माथ्यावर कायम खुणा, व्ही-खाचेचे वाचन तलाव भरलेला असताना आठवड्याला, एरवी महिन्याला, आणि गढूळपणा दिसताच रोज. प्रत्येक वाचनाशेजारी जलाशयाची पातळी व पाऊस लिहिलेला असावा.