अंकपटाचा खेळ (बालवाडी)

बालवाडी व अंगणवाडीतील मुलांना संख्यांची जाण यावी म्हणून खेळवला जाणारा, १ ते १० अशी एका सरळ ओळीत घरे असलेला पटावरचा खेळ. खेळाधारित शिक्षणात याला मार्गदर्शित खेळ म्हणतात: मांडणी आणि नियम मोठ्यांनी ठरवलेले, पण खेळणारे मूलच. खेळातून मुले शिकतात हे विधान सहसा ढोबळपणे केले जाते. हा खेळ त्याला अपवाद आहे, कारण त्यातला नेमका कोणता भाग उपयोगी पडतो तेही प्रयोगांनी तपासले गेले आहे.

साहित्य फारसे लागत नाही. जत किंवा आटपाडीकडच्या अंगणवाडीत फरशीवर खडूने दहा घरे डावीकडून उजवीकडे आखली, प्रत्येकात अंक लिहिला आणि दोन वेगवेगळ्या रंगांची बटणे सोंगट्या म्हणून घेतली की पट तयार होतो. फाशाऐवजी फोडलेला अर्धा चिंचोका चालतो. पांढरी बाजू वर आली तर एक घर, काळी आली तर दोन. साधा सहा ठिपक्यांचा फासा इथे गैरसोयीचा, कारण त्याने डाव दोन-तीन फेकींतच संपतो आणि मोजायला काही उरत नाही.

खेळाचा सगळा भार एका नियमावर आहे. सोंगटी तीनच्या घरात आहे आणि दोनचे दान पडले, तर मुलाने सोंगटी सरकवताना ‘चार, पाच’ म्हणायचे. बहुतेक मुले ‘एक, दोन’ म्हणतात. सेविकेने तिथेच थांबवून घरातल्या अंकावर बोट ठेवावे आणि ‘तू कितव्या घरात आहेस? आता पुढचं कोणतं?’ असे विचारून चाल पुन्हा करून घ्यावी. एलिडा लास्की आणि रॉबर्ट सीग्लर यांनी २०१४ मध्ये शंभरापर्यंतच्या पटावर हा फरक तपासला. घरातला अंक धरून पुढे मोजणाऱ्या मुलांची प्रगती झाली. तोच पट खेळून दर वेळी एकपासून मोजणाऱ्यांना तसा लाभ झाला नाही. म्हणजे पट नुसता असून भागत नाही.

मूळ प्रयोग गीता रामानी आणि सीग्लर यांचा, २००८ मधला. अमेरिकेतील गरीब कुटुंबांतल्या १२४ बालवाडी मुलांपैकी काहींना अंकांचा पट दिला, तर काहींना तसाच पण अंकांऐवजी रंगांचा. दोन आठवड्यांत चार बैठका, प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटांच्या. अंकांचा पट खेळलेली मुले मोजणे, अंक ओळखणे, दोन संख्यांतली मोठी कोणती ते सांगणे आणि रेषेवर संख्येची जागा दाखवणे या चारही गोष्टींत सुधारली. नऊ आठवड्यांनंतरही ती सुधारणा टिकून होती. रंगांच्या पटाने तसे घडले नाही. यामागचे स्पष्टीकरण असे की संख्या जितकी मोठी तितका हात लांब जातो, उड्या जास्त होतात, अंकांची नावे जास्त उच्चारली जातात आणि वेळही जास्त लागतो. गोल पटावर हा परिणाम सरळ पटाइतका दिसला नाही. घरोघरी असलेली सापशिडीही इथे तितकी सोयीची नाही: तिच्या बहुतेक पटांवर अंक एका ओळीत उजवीकडे, तर पुढच्या ओळीत डावीकडे वळतात, आणि साप-शिड्यांमुळे मोजणीचा धागा मध्येच तुटतो.

मुलाला काय उमगले ते पाहण्यासाठी कागदावर एक रेघ ओढून तिच्या डाव्या टोकाला ०, उजव्या टोकाला १० लिहावे आणि ‘सात कुठे येईल?’ असे विचारावे. दहापर्यंत घडाघडा म्हणणारे मूलही कधी कधी सात आणि नऊ एकाच जागी दाखवते. पाठ म्हणणे आणि जाण असणे यातले अंतर इथे लगेच उघडे पडते.

या प्रयोगांत एक मोठा माणूस एकाच मुलाशी खेळत होता. अंगणवाडीत सेविका एक आणि मुले वीस-पंचवीस. मात्र रामानी, सीग्लर आणि हिट्टी यांनी २०१२ मध्ये बालवाडीतल्या साहाय्यकांकडून छोट्या गटांत हाच खेळ घेतला, तेव्हाही लाभ दिसला. त्यामुळे तीन-चार मुलांना पटावर बसवून बाकीच्यांना मदतनीस ताईंकडे गाण्यात गुंतवणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो.

सामाजिक विकासाबद्दल पुरावा कमी भक्कम आहे. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दान मनासारखे न पडले तरी डाव न मोडणे, हे पटाभोवती रोज घडते. पण वरचे प्रयोग ते मोजत नव्हते. भातुकलीसारख्या कल्पनाखेळाबाबतही अँजेलिन लिलार्ड व सहकाऱ्यांनी २०१३ च्या आढाव्यात असेच म्हटले: अशा खेळामुळेच मुलांचा विकास होतो असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही.

भारतातला मोठा प्रयोग दिल्लीत ‘प्रथम’ संस्थेच्या साहाय्याने झाला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. २१४ बालवाड्यांतली १,५४० मुले त्यात होती. त्यातले खेळ वेगळे होते, मुख्यतः अंक न लिहिता संख्या आणि आकारांची तुलना करण्याचे. चार महिन्यांनी मुलांची ही सहज जाण वाढली आणि पुढेही टिकली. अंकांच्या कौशल्यातही लगेच वाढ दिसली, पण शाळेत गेल्यावर गणित शिकताना या मुलांना इतरांपेक्षा वेगळा फायदा झाला नाही. खेळातली जाण आणि पहिलीच्या पुस्तकातली चिन्हे यांची सांगड आपोआप पडत नाही, असा याचा एक अर्थ लावला जातो. अंकपटात चिन्ह, शब्द आणि अंतर एकाच चालीत येतात. तरी पटाचा लाभ प्राथमिक शाळेत वर्षानुवर्षे टिकतो, असे नऊ आठवड्यांच्या निष्कर्षावरून म्हणता येत नाही.