कीपॅडवर दाबलेला कार्ड नंबर एजंटच्या कानापर्यंत का पोहोचत नाही

2005 च्या एप्रिलमध्ये पुण्यातल्या एका कॉल सेंटरचं नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं. तिथल्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी एका अमेरिकी बँकेच्या चार ग्राहकांकडून बोलता बोलता पिन काढून घेतले होते. त्यांच्या खात्यांतले सुमारे साडेतीन लाख डॉलर त्यांनी पुण्यात खोट्या नावांनी उघडलेल्या खात्यांकडे वळवले. यात कोणतीही संगणकप्रणाली फोडलेली नव्हती. माहिती कानाने ऐकली आणि लक्षात ठेवली, एवढंच.

त्या काळात या उद्योगात कडक नियम आले. कामाच्या जागी पेन नाही, कागद नाही, मोबाईल बाहेरच्या लॉकरमध्ये, येता-जाता झडती. शेकडो प्रामाणिक मुलामुलींना रोज संशयिताची वागणूक मिळू लागली आणि तरीही मूळ अडचण तशीच राहिली. ग्राहक सोळा आकडे मोठ्याने वाचत असेल, तर ते एजंटच्या कानात जाणारच. कॉल रेकॉर्ड होत असेल, तर रेकॉर्डिंगमध्येही जाणार. कार्डाच्या सुरक्षेचं जागतिक मानक, पीसीआय डीएसएस, व्यवहार मंजूर झाल्यानंतर सीव्हीव्ही कुठेही साठवू देत नाही, आवाजाच्या फाइलमध्येही नाही. म्हणून कार्डाची वेळ आली की एजंटने रेकॉर्डिंग थांबवायचं आणि मग पुन्हा सुरू करायचं, अशी सोय झाली. त्यातून फाइल स्वच्छ झाली, कान मात्र नाही.

आकडे कानापर्यंत पोहोचूच द्यायचे नाहीत, हा खरा उपाय. एजंट लाइनवर असतो, बोलत असतो. ग्राहक नंबर बोलण्याऐवजी फोनच्या कीपॅडवर दाबतो. पण कीपॅडचा आवाजसुद्धा आवाजच आहे. तो एजंटपर्यंत का जात नाही, हे समजण्यासाठी आधी त्या आवाजात काय असतं ते पाहू.

बटणांच्या फोनची सार्वजनिक सेवा अमेरिकेत 1963 च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली, आणि तेव्हाची टोनची रचना आजही तीच आहे. तिला डीटीएमएफ म्हणतात. प्रत्येक बटण एकाच वेळी दोन शुद्ध सूर वाजवतं: एक आडव्या ओळीचा, एक उभ्या रांगेचा. ओळींचे सूर 697, 770, 852 आणि 941 हर्ट्झ. नेहमीच्या तीन रांगांचे 1209, 1336 आणि 1477. म्हणजे 1 दाबलं की 697 आणि 1209, 4 दाबलं की 770 आणि 1209. एकही सूर दुसऱ्याच्या पटीत येऊ नये, अशा बेताने हे आकडे निवडलेले आहेत. माणसाच्या बोलण्यातून चुकून नेमकी अशी जोडी उमटणं त्यामुळे अवघड होतं.

आता एक कॉल घेऊ. ब्रिटनमधल्या लीड्स शहरातले एक गृहस्थ पाण्याचं बिल भरायला फोन करतात आणि तो पुण्यातल्या एका एजंटकडे जातो. ब्रिटनमध्ये फोनवरच्या व्यवहाराला ओटीपीसारखी दुसरी पडताळणी सक्तीची नाही. कार्ड नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही एवढ्यावर पैसे वळते होऊ शकतात, त्यामुळे हे आकडे लपवण्याचं महत्त्व तिथे फार आहे. एजंट त्यांचा ग्राहक क्रमांक आणि बिलाची रक्कम पाहते आणि पडद्यावरचं पेमेंटचं बटण दाबते. त्याच क्षणी वाटेतलं एक यंत्र त्या कॉलपुरतं सुरक्षित अवस्थेत जातं. हे यंत्र टेलिफोन कंपनीची लाइन आणि कॉल सेंटर यांच्या मध्ये बसवलेलं असतं. पुष्कळदा ते कॉल सेंटरच्या इमारतीतही नसतं, वेगळ्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये असतं.

ग्राहक 4 दाबतात. यंत्र 770 आणि 1209 ओळखतं, 4 हा आकडा आपल्याकडे ठेवतं आणि एजंटकडे जाणाऱ्या आवाजातून ती जोडी पुसून तिथे एक सपाट बीप घालतं. मग 1 दाबतात. पुन्हा तीच बीप. एजंटच्या पडद्यावर फक्त टिंबं वाढत जातात. आकडा आला हे तिला कळतं, कोणता आला हे कळत नाही. बोलणं मात्र चालू राहतं. आजोबांचा चष्मा सापडत नसेल तर ती थांबते, मधेच गोंधळ झाला तर समजावते. मला या पद्धतीत हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण माणसाला नुसत्या यंत्राच्या हवाली केलेलं नसतं.

सोळा आकडे पूर्ण झाले की यंत्र एक तपासणी करतं. परीक्षणासाठी सर्रास वापरला जाणारा नंबर 4111 1111 1111 1111 घ्या. डावीकडून एक सोडून एक आकडा दुप्पट करायचा: 4 चे 8, आणि सात एकांचे प्रत्येकी 2 म्हणजे 14. उरलेल्या आठ एकांचे 8. बेरीज 30. दहाने भाग गेला, नंबर रचनेने बरोबर. एका जागी 1 ऐवजी 2 दाबला गेला असता तर भाग गेला नसता, आणि एजंटच्या पडद्यावर फक्त ‘नंबर चुकला’ असं दिसलं असतं. मग मुदत आणि सीव्हीव्ही त्याच रीतीने दाबले जातात. सगळे आकडे यंत्राकडून थेट पेमेंट गेटवेकडे जातात, आणि कॉल सेंटरकडे परत येतं ते मंजुरीचं उत्तर आणि फार तर कार्डाचे शेवटचे चार आकडे.

इथपर्यंत सोपं वाटतं. पण खरी कसोटी आहे ती टोनच्या पहिल्या काही मिलिसेकंदांची.

टोन सुरू झाला हे यंत्राला त्याच क्षणी कळू शकत नाही. 4 आणि 1 यांचा वरचा सूर एकच आहे. फरक फक्त 770 आणि 697 मध्ये, म्हणजे 73 हर्ट्झचा. दोन जवळचे सूर वेगळे ओळखायला ते काही काळ ऐकावेच लागतात, आणि सूर जितके जवळ तितका हा काळ जास्त. ढोबळ हिशेब असा: 73 हर्ट्झचा फरक दिसायला सेकंदाचा 73 वा भाग, म्हणजे साधारण 14 मिलिसेकंद ऐकणं भाग आहे. प्रत्यक्षात लाइनवर खरखर असते, मागे बोलणं असतं, म्हणून यंत्रं जास्त वेळ घेतात. टेलिफोनच्या आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घेतले जातात. टोन ओळखण्याच्या एका प्रचलित पद्धतीत 205 नमुन्यांचा तुकडा तपासतात, म्हणजे सुमारे 26 मिलिसेकंद, आणि खात्रीसाठी लागोपाठ दोन तुकड्यांत तोच टोन दिसावा लागतो. हे झाले 50 मिलिसेकंद.

या 50 मिलिसेकंदांत आवाज पुढे जात राहिला, तर पुसायला सुरुवात होईपर्यंत टोनचं डोकं एजंटकडे पोहोचलेलं असतं. त्यामागून सपाट बीप वाजते. माणसाच्या कानाला तो नुसता ‘टक्’ असा आवाज वाटेल. पण रेकॉर्डिंगमध्ये तो तुकडा राहतो, आणि जो हिशेब यंत्राने केला तोच हिशेब फाइल हाती लागलेला कुणीही निवांत करू शकतो. जेवढ्या तुकड्यावरून यंत्राला आकडा कळला, तेवढ्यावरून चोरालाही कळतो. अधिक वेगवान संगणक आणून ही अडचण सुटत नाही, कारण अडचण वेगाची नाही. सूर ऐकायलाच तेवढा वेळ लागतो.

म्हणून चांगली यंत्रं आवाज रोखून धरतात. सुरक्षित अवस्थेत ग्राहकाकडून एजंटकडे जाणारा आवाज टोन ओळखायला लागतो तेवढ्या उशिराने सोडला जातो. हातात असलेल्या तुकड्यात टोन आहे का, हे पाहून मगच तो पुढे जातो. टोन असेल तर अगदी सुरुवातीपासून बदलला जातो. फोनवरच्या संवादात एका दिशेने दीडशे मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर सहसा जाणवत नाही, त्यामुळे हा बारीक उशीर त्यात खपून जातो. अर्थात भारत-ब्रिटन लाइनवर आधीच बराच उशीर असतो, तेव्हा ही उधळपट्टी करून चालत नाही.

मोबाईलवरून फोन केला तर चित्र थोडं वेगळं. जुन्या जीएसएम जाळ्यात बटण दाबल्यावर फोन टोन पाठवतच नाही. ‘4 दाबलं’ असा संदेश पाठवतो आणि टोन तयार होतो टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये. आपल्या कानाला ऐकू येणारी बीप फोनने फक्त आपल्यासाठी वाजवलेली असते. इंटरनेटवरून जाणाऱ्या कॉलमध्येही आकडा आवाजाऐवजी वेगळ्या पाकिटातून जाऊ शकतो. ते पाकीट यंत्राने काढून घेतलं की काम झालं, असं वाटतं. पण वाटेतल्या एखाद्या गेटवेने, म्हणजे एका जाळ्यातला कॉल दुसऱ्या जाळ्यात देणाऱ्या यंत्राने, आधी टोन ऐकून त्याचं पाकीट बनवलं असेल, तर त्यालाही ओळखायला वेळ लागलेला असतो आणि टोनचं डोकं आवाजात शिल्लक राहतं. पाकीट गेलं, आवाज राहिला. म्हणून दोन्ही वाटा राखाव्या लागतात.

काही गळत्या यंत्राच्या हातात नसतात. आकडे दाबताना ते तोंडाने पुटपुटायची सवय अनेकांना असते, आणि बोललेला आकडा हे यंत्र पुसत नाही. एजंटने त्यांना लगेच थांबवावं लागतं. स्पीकर चालू असेल तर फोनने स्वतः वाजवलेली बीप माइकमधून पुन्हा आत शिरू शकते. आणि रेकॉर्डिंग यंत्राच्या अलीकडे, टेलिफोन कंपनीच्या बाजूला होत असेल, तर सगळे टोन जसेच्या तसे साठवले जातात, एजंटला काहीही ऐकू आलेलं नसलं तरी.

सर्वांत मोठी मर्यादा ग्राहकाच्या बाजूची आहे. पलीकडे असं यंत्र आहे की नाही, हे त्याला फोनवरून कळायचा मार्ग नाही. फसवणाऱ्याने फोन करून ‘आकडे बोलू नका, दाबा, सुरक्षित आहे’ असं सांगितलं, तर दाबलेला प्रत्येक टोन त्याच्याकडे पूर्ण पोहोचतो आणि ओळखायला साधं सॉफ्टवेअर पुरतं. ही पद्धत प्रामाणिक कंपनीतल्या कानांपासून वाचवते, खोट्या कंपनीपासून नाही. बिलावर छापलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन केला असेल, तरच बटणं दाबण्याला अर्थ आहे. भारतात आयव्हीआरवरच्या, म्हणजे फोनवर ध्वनिमुद्रित सूचना देणाऱ्या यंत्रणेवरच्या, कार्डव्यवहारांना रिझर्व्ह बँकेने 2011 पासून जादा पडताळणी सक्तीची केली. त्यामुळे नुसते कार्डाचे आकडे मिळून इथल्या चोराचं भागत नाही. तो ओटीपीही दाबायला सांगतो.

कंपनीला मात्र आपली व्यवस्था तपासता येते, आणि ती दर काही काळाने तपासावी, कारण लाइन पुरवणारी कंपनी बदलली किंवा एखादा गेटवे नवा आला तरी गळती सुरू होऊ शकते. परीक्षणाचा नंबर वापरून कॉल करायचा, एकदा लँडलाइनवरून, एकदा मोबाईलवरून, एकदा स्पीकर लावून. मग रेकॉर्डिंगची फाइल ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम पाहायचा. त्यात आडवा अक्ष वेळेचा आणि उभा सुराच्या उंचीचा असतो. सगळं ठीक असेल तर सोळाही ठिकाणी एकाच उंचीवर एकसारखी रेघ दिसते. 4111 मधल्या पहिल्या रेघेच्या अगदी सुरुवातीला 770 आणि 1209 वर दोन बारीक ठिपके दिसले, आणि पुढच्या रेघांपाशी खालचा ठिपका 697 वर सरकलेला दिसला, तर टोनचं डोकं निसटतं आहे. ठिपक्यांची लांबी मोजली की यंत्राने आवाज आणखी किती मिलिसेकंद रोखायला हवा, तेही तिथेच कळतं.