हिऱ्याची कुडी, मोत्याची कुडी

गौरी विसर्जन झालं की पुण्यातल्या कित्येक घरांतले दागिने डब्यात आणि डबे लॉकरमध्ये जातात. एकाच डब्यात हिऱ्याच्या कुड्याही असतात आणि मोत्याच्याही. दोन्हींवर घाम, केसांचं तेल आणि क्रीम यांचा सारखाच थर बसलेला असतो. पण तो काढायची रीत दोघांसाठी एकच ठेवली, तर मोत्यांचं कायमचं नुकसान होतं.

आधी हिरा. हिऱ्याचा पृष्ठभाग पाण्याला दूर सारतो आणि तेलाला धरून ठेवतो. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या खाणींमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच गुणाचा उपयोग करून घेतला गेला. ग्रीस फासलेल्या उतरत्या टेबलावरून खडीमिश्रित पाणी सोडत. बाकीचे खडे वाहून जात आणि हिरे ग्रीसला चिकटून राहत. कानातल्या हिऱ्यावरही तेल असंच चिकटतं, फक्त हळूहळू.

हिऱ्याची चमक खरं तर त्याच्या पाठीवर ठरते. वरून आत शिरलेला प्रकाश मागच्या पैलूंवर आपटतो. पैलूला काटकोनात असलेल्या रेषेशी त्याचा कोन सुमारे 24 अंशांपेक्षा जास्त असला, की तो सगळाच्या सगळा आत परत वळतो आणि वरून बाहेर पडून आपल्या डोळ्यांत येतो. पैलूच्या बाहेर हवा असेल तरच हे गणित जुळतं. तिथे तेल असलं की हीच मर्यादा सुमारे 37 अंशांवर जाते. मधल्या कोनांचा प्रकाश तेलात निसटतो आणि हिरा काळपट, काचेसारखा दिसू लागतो. म्हणून समोरून कितीही पुसला तरी फरक पडत नाही. मळ पाठीमागे असतो.

धुण्याआधी कुडी उलटी करून पाहा. मागून हिरे उघडे दिसत असतील तर भिजवायला हरकत नाही. जुन्या घडणीत पाठ सोन्याने बंद असते आणि आत चमकेसाठी वर्ख असतो. पाणी आत गेलं तर तो वर्ख काळा पडतो, म्हणून असा दागिना सराफाकडेच न्यावा. कुडी कानाजवळ धरून बोटाने हलकेच टिचकी मारा. खुळखुळ आवाज आला तर एखादा हिरा सैल आहे. तीही आधी सराफाकडेच जाऊ द्या.

पाठ उघडी आणि हिरे घट्ट असतील, तर वाडग्यात अर्धा लिटर कोमट पाणी घेऊन त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका. लिक्विडच्या रेणूचं एक टोक तेलात शिरतं, दुसरं पाण्यात राहतं, आणि तेलाचे बारीक थेंब होऊन ते सुटे होतात. वीस मिनिटांनी लहान मुलाच्या मऊ ब्रशने मागच्या बाजूने घासा. बेसिनमध्ये थेट नळाखाली धरू नका, दुसऱ्या वाडग्यात बुडवून धुवा. अंगाचा साबण इथे नको. ज्या सोसायट्यांत बोअरचं जड पाणी येतं तिथे साबणाचा पांढरट साका बनतो आणि नवाच थर बसतो.

सोन्याचीही याच पाण्याने सफाई होते. तेलाशी सोन्याची रासायनिक क्रिया होत नाही, थर फक्त वर बसलेला असतो. ब्लीच मात्र कधीच वापरू नका. हिऱ्यांचे दागिने बहुधा 18 कॅरटचे असतात. त्यातल्या तांब्या-चांदीवर क्लोरीन हल्ला करतो आणि हिरा धरणारे बारीक काटे ठिसूळ होतात. काटा तुटला की हिरा गेलाच.

आता मोती. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या अतिशय पातळ चकत्या, विटांच्या भिंतीसारख्या रचलेल्या, आणि सांध्यांत चुन्याऐवजी प्रथिन. मोत्याचं पाणी, म्हणजे ती आतून आल्यासारखी वाटणारी झळाळी, या थरांतून परतणाऱ्या प्रकाशाची असते. वरचे थर गेले की पाणी गेलं, आणि ते पॉलिश करून परत येत नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांतलं आम्ल कॅल्शियम कार्बोनेट विरघळवतं. घामही किंचित आम्लधर्मी असतो. टूथपेस्टमधले कण मोत्याला ओरखडतात, कारण मोती नखापेक्षा थोडाच कठीण असतो. सोनं उजळायला चिंच लावायची सवय ज्या घरात आहे, तिथे मोत्याच्या कुड्यांना सर्वात जास्त धोका आहे.

मोती भिजवूही नयेत. छिद्रातून शिरलेलं पाणी आत अडकतं, आणि तन्मणीसारख्या ओवलेल्या दागिन्यात रेशमी दोरा ओला होऊन ताणला जातो. कान-गळ्यातून काढल्याबरोबर, थर सुकायच्या आत, मऊ मलमलीने एकेक मोती पुसा. चिकटपणा राहिला तर साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि मग कोरड्याने. दागिना उताणा पसरून पूर्ण वाळू द्या, टांगू नका. अत्तर आणि हेअरस्प्रे लावून झाल्यावरच मोती घाला. हिऱ्यांच्या सोबत एकाच कप्प्यात ठेवलेत तर हिरा त्यांना ओरखडणार, त्यांना वेगळी सुती पिशवी हवी.

नथीत मोती आणि खडे एकत्र असतात. तिथे मोत्याचे नियम पाळायचे. खड्यामागचा मळ ओलसर कापसाच्या काडीने, मोत्यांना न लावता, जेवढा निघेल तेवढाच काढायचा.